एका कागदावर अनेक स्लाइड्स: अक्षर, चौकट आणि मोकळी जागा यांचा हिशेब

प्रश्न: माझ्याकडे ९६ स्लाइड्सची पीडीएफ आहे. अभ्यासासाठी एका पानावर सहा-सहा छापून पाहिल्या. शेजारच्या दोन स्लाइड्स चिकटून येतात, खाली-वर मात्र बरीच पांढरी जागा राहते आणि अक्षरं बारीक झालीत. आठ केल्या तर आणखी बारीक होतील ना? चौकट आणि लिहायला जागा ठेवून पीडीएफ व्ह्यूअरमधूनच नीट छापता येईल का?

उत्तर:

येईल. आणि सहाऐवजी आठ केल्यानं तुमची अक्षरं जराही बारीक होणार नाहीत. आधी करायचं काय ते सांगतो, कारण मागाहून.

अॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंटची खिडकी उघडा. `Page Sizing & Handling` खाली `Multiple` हे बटण आहे, ते दाबा. `Pages per sheet` मध्ये `Custom` निवडा आणि शेजारच्या दोन चौकोनांत 2 आणि 4 भरा, म्हणजे दोन स्तंभ आणि चार ओळी. शेजारच्या पूर्वदृश्यात उलटं दिसलं, म्हणजे चार स्तंभ आणि दोन ओळी, तर आकड्यांची अदलाबदल करा. `Print page border` वर खूण करा. `Orientation` मध्ये `Portrait` स्वतः निवडा, `Auto` वर सोडू नका. पाठपोट छापायचं असेल तर `Print on both sides of paper` आणि त्याखाली लांब कडेवर उलटण्याचा पर्याय घ्या. कागद ए-४ आहे याची खात्री करा. मग सगळं छापू नका. `Pages` मध्ये 1-8 टाकून एकच कागद काढा.

आता कारण. हे एकदा ध्यानात आलं की पुढे कुठल्याही पीडीएफला कितीचा आकडा द्यायचा ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. प्रिंटर कडेला थोडी जागा सोडतो, ती यंत्रागणिक बदलते; हिशेबासाठी चारही बाजूंनी ५ मिलिमीटर धरू. छापायला उरले २०० बाय २८७. दोन स्तंभ केले की प्रत्येक स्लाइडच्या वाट्याला १०० मिलिमीटर रुंदी येते. तुमची स्लाइड १६:९ प्रमाणाची असणार, कारण वर-खाली जागा वाया जाते असं तुम्ही म्हणता. १६:९ ची स्लाइड १०० मिलिमीटर रुंद केली की तिची उंची होते साधारण ५६ मिलिमीटर.

तीन ओळी केल्या तर प्रत्येक ओळीला सुमारे ९६ मिलिमीटर उंची मिळते. त्यातले ५६ स्लाइडचे, बाकीचे ४० मोकळे. हीच तुमची वाया गेलेली जागा. चार ओळी केल्या की ओळीला जवळपास ७२ मिलिमीटर मिळतात; स्लाइड तेवढीच, ५६ ची, आणि मोकळे राहतात १५-१६. पाच ओळी केल्या तरी ओळीला ५७ मिलिमीटर मिळतात, म्हणजे स्लाइड कशीबशी पण पूर्ण आकारात बसते, फट मात्र जेमतेम एक मिलिमीटरची. सहाव्या ओळीला मात्र उंची अपुरी पडते आणि तिथून पुढे स्लाइड खरोखर लहान व्हायला लागते.

म्हणजे उभ्या कागदावर दोन स्तंभांत चार, सहा, आठ किंवा दहा, कितीही छापा, अक्षराचा आकार तोच राहतो. अडवते ती रुंदी, आणि रुंदी चारही वेळा १०० मिलिमीटरच आहे. ओळींची संख्या बदलली की फक्त मधली फट बदलते. बहुतेक व्ह्यूअरमध्ये दोन स्लाइड्समधलं अंतर मिलिमीटरमध्ये भरायला वेगळा रकाना नसतो. तेव्हा ओळींची संख्या हाच तो रकाना समजायचा.

तुम्ही हिशेब सहावर थांबवलात याचं कारण बहुधा असं की तयार यादीत दोन, चार, सहा, नऊ, सोळा एवढेच आकडे दिसतात. आठसाठी `Custom` उघडावं लागतं. सहाचा आकडा खरा शोभतो तो ४:३ प्रमाणाच्या जुन्या धाटणीच्या स्लाइड्सना. त्या १०० मिलिमीटर रुंदीला ७५ मिलिमीटर उंच होतात, तीन ओळींत छान बसतात आणि मधे २० मिलिमीटर राहतात. त्यांना चार ओळींत कोंबलं तर उंची कमी पडते, स्लाइड किंचित आक्रसते आणि फट नाहीशी होते. तेव्हा आकडा ठरवण्याआधी `File` मधून `Properties` उघडा आणि `Page Size` पाहा. 13.33 x 7.50 in दिसलं तर १६:९, 10.00 x 7.50 in दिसलं तर ४:३.

सहा की आठ हे मी कागद कशासाठी हवेत त्यावरून ठरवतो. तासाला बसून स्लाइडखाली लिहायचं असेल तर सहाच ठेवा. ४० मिलिमीटरच्या पट्ट्यात हस्ताक्षराच्या पाच ओळी आरामात बसतात. ती जागा वाया गेलेली नाही, ती टिपणांची जागा आहे. उजळणीसाठी, अधूनमधून एखादी खूण किंवा सूत्र लिहिण्यापुरते हवे असतील तर आठ. १५ मिलिमीटरमध्ये दोन ओळी मावतात. दहाच्या वाटेला मी सहसा जात नाही, कारण लिहायला काहीच उरत नाही आणि एका स्लाइडचा तळ दुसरीच्या शीर्षकाला भिडतो. कागदांचा फरक म्हणाल तर ९६ स्लाइड्सना पाठपोट छापताना सहाच्या हिशेबानं ८ कागद लागतात, आठच्या हिशेबानं ६ आणि दहाच्या हिशेबानं ५. आठवरून दहावर जाऊन वाचतो तो एक कागद, त्यासाठी सगळी मोकळी जागा घालवण्यात अर्थ नाही.

अक्षरं खरंच किती बारीक होतात

पॉवरपॉइंटची १६:९ स्लाइड मुळात जवळपास ३३९ मिलिमीटर रुंद असते. ती १०० वर आली म्हणजे प्रत्येक अक्षर मूळच्या तीस टक्क्यांहून किंचित कमी झालं. स्लाइडवर २८ पॉइंटमध्ये लिहिलेला मजकूर कागदावर सव्वाआठ पॉइंटचा होतो, २४ चा सात, आणि १८ चा सव्वापाच. मुख्य मजकूर २४ किंवा त्याहून मोठा असेल तर हा कागद वाचता येतो. मजकूर १८ चा असेल तर नाही.

देवनागरीत ही मर्यादा थोडी वर धरा. रोमन लिपीत सहा पॉइंट डोळ्यांना ताण देत का होईना पण वाचता येतात; आपल्याकडे त्याच उंचीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरं बसायची असतात. सहा पॉइंटमध्ये 'द्ध', 'द्व' आणि 'द्य' एकमेकांसारखे दिसायला लागतात, अनुस्वार शिरोरेषेत मिसळून जातो. माझ्या मते मराठी मजकूर तासन् तास वाचायचा असेल तर कागदावर सात पॉइंटच्या खाली जाऊ नये, आणि आठ मिळाले तर फार चांगलं.

मजकूर १८-२० पॉइंटचा असेल, किंवा आकृत्यांमधली नावं त्याहून लहान असतील, तर कागद आडवा करा आणि चार छापा. आडव्या कागदावर दोन स्तंभ आणि दोन ओळी केल्या की स्लाइडला १४३ मिलिमीटर रुंदी मिळते. तोच १८ पॉइंटचा मजकूर मग साडेसात पॉइंटचा होतो, २० चा साडेआठचा, आणि स्लाइडच्या खाली १९ मिलिमीटर मोकळे राहतात. इथेच पुष्कळ जण फसतात. अक्षर मोठं व्हावं म्हणून सहाचे चार करतात, पण कागद उभाच ठेवतात. अक्षर तेवढंच राहतं, फक्त पांढरी जागा वाढते. `Orientation` `Auto` वर सोडू नका म्हणालो ते म्हणूनच. आठला उभा, चारला आडवा, हे स्वतः ठरवून द्यायचं आणि पूर्वदृश्यात पडताळायचं.

स्लाइडचा आकार मात्र गृहीत धरू नका. गूगल स्लाइड्समधून आलेली १६:९ पीडीएफ बहुधा १० बाय ५.६३ इंचांची असते. तिच्यातला १८ पॉइंट कागदावर सातच्या पुढे जातो, कारण ती मुळातच लहान आहे आणि कमी आकसते. लाटेकच्या बीमरची १६:९ स्लाइड तर १६० बाय ९० मिलिमीटरची. तिच्यातला नेहमीचा ११ पॉइंटचा मजकूरसुद्धा जवळपास सात पॉइंटवर येतो. म्हणून आकडा काढताना अक्षराच्या पॉइंटला १०० नं गुणायचं आणि स्लाइडच्या मिलिमीटरमधल्या रुंदीनं भागायचं. एवढाच हिशेब.

चौकट

चौकटीची गरज खरी पडते ती पांढऱ्या पार्श्वभूमीच्या स्लाइड्सना. रंगीत पार्श्वभूमी असेल तर कड आपोआप दिसते. `Print page border` प्रत्येक पानाच्या कडेनं एक बारीक रेघ काढतं. ती मजकुराभोवती येत नाही, पीडीएफमधल्या पानाच्या हद्दीवर येते. त्यामुळे स्लाइडला स्वतःचा पांढरा समास असेल तर चौकट त्या समासाच्या बाहेरून जाते, आणि तुमच्या बाबतीत ते सोयीचंच आहे. शेजारच्या दोन स्लाइड्स चिकटल्यासारख्या दिसल्या तरी मधे रेघ आली की दोन्ही मजकूर आपापल्या समासामुळे वेगळे राहतात.

सगळ्या व्ह्यूअरमध्ये ही सोय नाही. मॅकवरच्या प्रिव्ह्यूमध्ये प्रिंटच्या खिडकीत `Layout` खाली `Border` आहे, आणि तिथे एकेरी-दुहेरी, केसाएवढी किंवा जराशी जाड अशा रेघा निवडता येतात. क्रोम, फायरफॉक्स आणि लिनक्सवरचं एव्हिन्स एका कागदावर अनेक पानं छापतात, पण चौकट देत नाहीत. लिनक्स किंवा मॅकवर कप्स या छपाईच्या प्रणालीला टर्मिनलमधून आज्ञा दिली की ती मिळते:

```
lp -o media=a4 -o number-up=6 -o page-border=single slides.pdf
```

इथे आठ चालत नाही. कप्स १, २, ४, ६, ९ आणि १६ एवढेच आकडे घेतं.

प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही 'एका कागदावर अनेक पानं' आणि चौकटीचा पर्याय पुष्कळदा असतो. तो वापरायचा असेल तर व्ह्यूअरमध्ये एकास एक ठेवा. दोन्हीकडे चार-चार लावले तर व्ह्यूअर चारचा एक कागद बनवतो, ड्रायव्हर तसे चार कागद एकात घालतो आणि हातात सोळा स्लाइड्सचं पान येतं. स्लाइड्स अनपेक्षितपणे इवल्याशा आल्या आणि त्या चार-चारच्या गटात दिसल्या, की समजा हेच झालंय. ड्रायव्हर मागच्या वेळची निवड लक्षात ठेवतो, त्यामुळे आज तुम्ही काही बदललं नसेल तरीही हे घडू शकतं.

चौकट हा कागदाचा आकार तपासायचाही चांगला मार्ग आहे. उजव्या स्तंभातल्या सगळ्या स्लाइड्सची उजवी रेघ गायब असेल आणि कागदाच्या तळाशी दीड-दोन सेंटिमीटर जास्तीची पट्टी पांढरी राहिली असेल, तर कुठेतरी `Letter` निवडलेलं आहे. लेटर कागद ए-४ पेक्षा ६ मिलिमीटर रुंद आणि सुमारे १८ मिलिमीटर आखूड असतो. व्ह्यूअरमधलं `Page Setup` आणि ड्रायव्हरमधला कागद दोन्ही पाहा, दोन्हीकडे ए-४ हवं. एकाच बाजूची रेघ फिकट किंवा तुटक आली आणि तळ ठीक असेल, तर कागद ट्रेमध्ये तिरका बसलाय का ते बघा.

मधली उभी फट आणि भोकांची जागा

वरखालची फट ओळींच्या संख्येनं मिळाली. दोन स्तंभांमधली फट मात्र तशी मिळत नाही, कारण रुंदीच तर सगळी वापरली जाते. काही व्ह्यूअर स्वतःहून दोन-तीन मिलिमीटर सोडतात, काही सोडत नाहीत. फक्त वाचायचं असेल तर मधे चौकटीची रेघ पुरेशी आहे, त्यापायी जीव आटवू नका.

भोकं पाडून फाइलला लावायचे असतील तर मात्र डाव्या कडेचा विचार करावाच लागतो. नेहमीच्या दोन भोकांच्या पंचमध्ये भोकाचा मध्य कडेपासून १२ मिलिमीटरवर असतो आणि भोक ६ मिलिमीटरचं, म्हणजे कडेपासून १५ मिलिमीटरपर्यंतची जागा जाते. तुमच्या स्लाइड्स ५ मिलिमीटरवर सुरू होतात. भोक सरळ डाव्या स्तंभातल्या मुद्द्यांच्या सुरुवातीवर पडणार.

व्ह्यूअरमधला उपाय दोन टप्प्यांचा आहे. विंडोजवर आधी वरचीच सगळी मांडणी करून प्रिंटर म्हणून `Microsoft Print to PDF` निवडा आणि नवी पीडीएफ बनवा. मॅकवर प्रिव्ह्यूच्या प्रिंटच्या खिडकीतून पीडीएफ म्हणून जतन करता येते, पण तिथे आठचा आकडा नाही, सहा घ्यावे लागतील. मग ती नवी पीडीएफ उघडून एकास एक छापा, पण अॅक्रोबॅटमध्ये `Size` खाली `Custom Scale` ९० टक्के द्या. सगळं चित्र मधोमध आक्रसतं आणि दोन्ही बाजूंना जवळपास १५ मिलिमीटर मिळतात. याची किंमत अक्षरात मोजावी लागते. सातचा मजकूर साडेसहाच्याही खाली येतो. म्हणून मूळ मजकूर २८ पॉइंटचा असेल तरच मी हे करतो, नाहीतर भोकांऐवजी वरच्या डाव्या कोपऱ्यात स्टेपल मारणं पत्करतो.

या दोन टप्प्यांचा आणखी एक फायदा आहे. कागद वाया न घालवता मांडणी पडद्यावर शंभर टक्के आकारात पाहता येते. नवी पीडीएफ छापताना भोकांची गरज नसेल तर `Actual size` निवडा. तिथे `Fit` राहिलं तर आधीच आक्रसलेलं पान आणखी थोडं आक्रसू शकतं आणि समास दुप्पट झाल्यासारखा दिसतो.

फट अगदी मिलिमीटरमध्ये हवी असेल, आणि टेक लाइव्ह हा लाटेकचा संच बसवलेला असेल, तर व्ह्यूअरला आधी मांडणी करून दिलेली पीडीएफच द्यावी. टेक लाइव्हबरोबर येणारी `pdfjam` ही आज्ञा यासाठी उत्तम आहे:

```
pdfjam --paper a4paper --no-landscape --twoside \
  --nup 2x4 --frame true --delta '6mm 18mm' \
  --scale 0.88 --offset '4mm 0mm' \
  --outfile handout.pdf slides.pdf
```

`--nup 2x4` म्हणजे दोन स्तंभ, चार ओळी. `--delta` मधला पहिला आकडा स्तंभांमधली फट, दुसरा ओळींमधली. `--frame true` म्हणजे चौकट. `--scale 0.88` नं सगळं थोडं लहान होऊन बाहेर समास तयार होतो, आणि `--offset` त्याला ४ मिलिमीटर उजवीकडे सरकवतो. `--twoside` मुळे कागदाच्या मागच्या बाजूला हीच सरकवणूक डावीकडे होते, म्हणजे भोकांची कड दोन्ही बाजूंनी मोकळी राहते. १६:९ च्या स्लाइडसाठी या आकड्यांनी स्लाइड सुमारे ९० मिलिमीटर रुंद येते, भोकांच्या बाजूला अंदाजे १६ आणि पलीकडे ८ मिलिमीटर समास राहतो. व्ह्यूअरच्या मांडणीत आणि यात एक फरक ध्यानात ठेवा. अॅक्रोबॅट प्रत्येक स्लाइड तिच्या घराच्या मधोमध ठेवतं, त्यामुळे उरलेली जागा आपोआप ओळींमध्ये वाटली जाते. `pdfjam` मात्र दिलेल्या फटीएवढीच फट ठेवून बाकीची जागा कागदाच्या वर आणि खाली सोडतं. म्हणून इथे फट मागून घ्यावी लागते.

क्रम आणि पाठपोट

`Page Order` मध्ये `Horizontal` म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि मग खालची ओळ. `Vertical` म्हणजे डावा स्तंभ वरून खाली, मग उजवा. स्लाइडखाली लिहायचं असेल तर मला `Vertical` जास्त पटतं. एका स्लाइडखालची टिपणं लगेच पुढच्या स्लाइडकडे नेतात, डोळ्यांना सारखं डावं-उजवं करावं लागत नाही. पण स्लाइड्सवर क्रमांक छापलेले नसतील तर हा क्रम दुसऱ्या वाचकाला गोंधळात टाकतो. कागद इतरांना वाटायचे असतील तर `Horizontal` च ठेवा.

उभा कागद डाव्या बाजूला बांधायचा असेल तर उलटण्याची कड लांब. आडव्या चारच्या कागदाची डावी कड मात्र आखूड कड असते, म्हणून तिथे आखूड कडेवर उलटण्याचा पर्याय हवा. चुकलं तर मागची बाजू उलटी, डोकं खाली अशी येते.

प्रिंटर स्वतः पाठपोट छापत नसेल तर आणखी एक सापळा आहे. अॅक्रोबॅटमधलं `Odd or Even Pages` हे कागदांना लागू होत नाही, पीडीएफच्या पानांना लागू होतं. विषम निवडून आठची मांडणी केली तर कागदावर स्लाइड १, ३, ५, ७ अशा येतात. आधी वर सांगितल्याप्रमाणे मांडणी केलेली नवी पीडीएफ बनवा, मग तिची विषम पानं छापा, गठ्ठा पुन्हा ट्रेमध्ये घाला आणि सम पानं छापा. गठ्ठा कुठल्या तोंडानं घालायचा हे दोनच पानं छापून आधी पाहून घ्या. एव्हिन्समध्ये हीच निवड कागदांना लागू होते, त्यामुळे तिथे हा वळसा लागत नाही.

छापण्याआधी स्लाइड्सही चाळून घ्या. शीर्षकाची, 'आजचे मुद्दे', 'धन्यवाद', नुसत्या चित्राची अशा स्लाइड्स गाळता येतात, आणि एकेक मुद्दा वाढत जाणाऱ्या स्लाइड्सपैकी शेवटचीच पुरते. `Pages` मध्ये `2-14, 18, 22-40` असं लिहिता येतं. ९६ पैकी १६ गाळल्या तर उरलेल्या ८० आठच्या मांडणीत बरोबर ५ कागदांवर बसतात. कागद वाचवायची ही वाट अक्षराला धक्का न लावणारी आहे, म्हणून आकडा वाढवण्याआधी हीच करून पाहावी.

पहिल्या कागदावर काय पाहायचं

पहिला कागद हातात आला की पट्टीनं एका चौकटीची रुंदी मोजा. १०० मिलिमीटरच्या आसपास हवी. ९० च्या खाली असेल तर कुठेतरी दोनदा आकसलं आहे, किंवा ओळी जास्त झाल्या आहेत. मग सगळ्यात लहान अक्षरांची स्लाइड शोधा, आकृती किंवा तक्ता असलेली, आणि नेहमी अभ्यासाला बसता त्या अंतरावरून वाचून पाहा. पहिल्या आठ स्लाइड्स बहुधा मोठ्या अक्षरांच्या असतात, त्यामुळे चाचणीसाठी 1-8 ऐवजी मधल्या, दाट मजकुराच्या आठ निवडल्या तर अंदाज जास्त खरा येतो.

अक्षरं आकारानं पुरेशी असूनही तुटक दिसत असतील तर रंग पाहा. स्लाइडवरचा राखाडी मजकूर प्रिंटर ठिपक्यांनी उभा करतो. सात पॉइंटला अक्षराची रेघच ठिपक्याएवढी होते आणि काने-मात्रा विरून जातात. ड्रायव्हरमध्ये मजकूर काळाच छापण्याचा पर्याय असेल तर तो लावा, आणि टोनर वाचवण्याचा पर्याय बंद करा.

जोडाक्षरं फुटली असतील किंवा वेलांट्या भलत्याच जागी गेल्या असतील, पण पडद्यावर सगळं ठीक असेल, तर दोष फाँट प्रिंटरकडे पोचण्यात आहे. `Advanced` मध्ये `Print As Image` वर खूण करा आणि शेजारचं रिझोल्यूशन ६०० ठेवा. ३०० वर ठेवलं तर एवढ्या लहान आकारात शिरोरेषा जाड होते आणि अनुस्वार तिला चिकटतो. चित्र म्हणून छापायला वेळ जास्त लागतो, म्हणून हे सरसकट लावू नका. फुटलेलं अक्षर दिसलं तरच लावा.